कलाटणी शेवटच्या फोटोत असते

लायब्ररीत कादंबरीची एकच प्रत, वर्गात साठ जण, टेस्ट परवावर. मग कुणीतरी प्रकरणाचे फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि रात्री तुम्ही ते झूम करकरून वाचता. त्यातून पात्रं, घटनाक्रम आणि टर्निंग पॉइंट असा सारांश काढायचा असतो. हे कसं जमवायचं? रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’चं (१८८६) पहिलं प्रकरण घेऊन बघू. छोटंसंच आहे, पण चकवा देण्यात पटाईत!

आधी फोटो तपासा. पानांचे आकडे ओळीने लावा. आकडा कापला गेला असेल, तर एका पानाचं शेवटचं वाक्य पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीशी जुळतं का ते बघा. पुस्तकाच्या शिवणीकडची बाजू फोटोत वळते आणि तिथले शब्द गिळले जातात. त्यात एखादा ‘नॉट’ गेला तर अर्थच उलटा. अडलेली ओळ अंदाजाने भरू नका, तेवढ्या पानाचा फोटो पुन्हा मागवा. आणि प्रकरण जिथे संपतं ते पान आहे ना, याची खात्री कराच. का, ते पुढे कळेल.

आता पात्रं. लंडनमध्ये रविवारी फिरायला निघालेले दोघं : वकील अटरसन आणि त्याचा दूरचा नातेवाईक एनफिल्ड. एक दार दिसतं आणि एनफिल्ड त्या दाराची जुनी हकिकत सांगतो. तिच्यात आठ-दहा वर्षांची मुलगी, तिच्या घरचे, एक डॉक्टर आणि हाइड आहेत. प्रत्येकापुढे तो या प्रकरणात काय करतो, एवढंच लिहा. यादीत आणखी एक माणूस हवा, तो म्हणजे चेकवर सही असलेला. तो समोर येत नाही, त्याचं नावही इथे दिलेलं नाही. सिनेमामुळे तुम्हाला ते ठाऊक असेल, तरी ‘निनावी’च लिहा. सारांश या प्रकरणाचा आहे, अख्ख्या पुस्तकाचा नाही.

घटनाक्रमात बहुतेकांची गाडी घसरते, कारण लेखक सांगतो तो क्रम आणि घटना घडल्या तो क्रम वेगळा आहे. प्रकरण सुरू होतं फिरण्यापासून, पण सगळ्यात आधी घडली ती हिवाळ्यातली पहाटे तीनची घटना. डॉक्टरला बोलवायला धावणारी मुलगी कोपऱ्यावर हाइडला धडकते आणि तो तिला तुडवून शांतपणे पुढे जातो. एनफिल्ड त्याला पकडतो. भरपाई म्हणून शंभर पौंड ठरतात. हाइड किल्लीने ते दार उघडून आत जातो आणि दहा पौंडांचं सोनं नि उरलेल्या रकमेचा दुसऱ्याच्या सहीचा चेक आणतो. सकाळी सगळे मिळून बँकेत जातात, तर चेक खरा निघतो! त्यानंतर, फिरायला जाण्याच्या आठवडाभर आत, एनफिल्डने हाइडला पुन्हा तीच किल्ली वापरताना पाहिलंय. हे एका वाक्यात येऊन जातं, म्हणून हमखास सुटतं. फिरणं आणि गप्पा सगळ्यात शेवटी. वहीत दोन रकाने करा, ‘सांगितलं कधी’ आणि ‘घडलं कधी’. सारांश दुसऱ्या रकान्यावरून लिहा.

टर्निंग पॉइंट कोणता? मुलीला तुडवलं तो, असं पटकन वाटतं. तो प्रसंग भयंकर आहे, पण कलाटणी नाही. चेक खरा निघणं ही कलाटणी आहे, पण एनफिल्डच्या हकिकतीतली. प्रकरणाची कलाटणी ओळखायला विचारा : कुठल्या क्षणानंतर कुणाची जागा बदलली? अटरसन इतका वेळ नुसता ऐकणारा होता. शेवटी तो विचारतो, हाइडने किल्लीच वापरली, हे नक्की? आणि मग कबूल करतो, की चेकवरचं नाव मी विचारत नाही, कारण ते मला आधीच माहीत आहे. इथे तो या भानगडीत ओढला जातो. पुढच्या प्रकरणात घरी जाऊन तो तिजोरीतून एक मृत्युपत्र काढतो, ते यामुळेच. हे वाक्य काढलं तर पुढचं प्रकरण सुरूच होत नाही.

आणि ते आहे अगदी शेवटी. त्यानंतर दोघं हा विषय पुन्हा न काढण्याचं ठरवतात आणि प्रकरण संपतं. म्हणजे शेवटचा फोटो ग्रुपवर आलाच नसेल, तर सारांश नीटनेटका दिसेल, पण कलाटणी म्हणून मुलीचा प्रसंग लिहिलेला असेल. तुमच्या सारांशात अटरसन शेवटपर्यंत फक्त ऐकतच असेल, तर समजा, एक पान राहिलंय.