जुन्या बिलावरची किंमत

दुकानाच्या संगणकात वस्तूंच्या यादीत आजची किंमत असते. बिलाच्या ओळीत फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग नोंदवून किंमत दरवेळी त्या यादीतून घेतली, तर यादी बदलताच जुनी बिलेही बदलतात. 22 सप्टेंबर 2025 रोजी शाम्पूवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वी 100 रुपयांची बाटली ऑगस्टमध्ये 118 रुपयांना विकली गेली असेल, तर अशा दुकानात तेच बिल ऑक्टोबरमध्ये पुन्हा छापल्यावर 105 रुपये दाखवते. बाटली परत आली, तर ग्राहकाचे 13 रुपये बुडतात आणि सरकारकडे भरलेला करही हिशेबाशी जुळत नाही.

म्हणून विक्रीच्या क्षणी नगाची किंमत, सवलत आणि कराचा दर बिलाच्या ओळीतच उतरवून ठेवायचा. नंतर तिथे हात लावायचा नाही. चूक झालीच, तर वेगळी क्रेडिट नोट काढायची, तीही मूळ दराने.

किंमतींचा इतिहास वेगळ्या तक्त्यात ‘केव्हापासून, केव्हापर्यंत’ अशा तारखांसह ठेवणे उपयोगी खरे, पण तेवढे पुरत नाही. काउंटरवर दिलेली सूट त्या तक्त्यात नसते. बिघाड ओळखायला जुन्या बिलांची बेरीज त्या दिवशी जमा झालेल्या रकमेशी ताडून पाहावी.