बशी फुटली, बशी फोडली

ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा: ‘बशी फुटली.’ ‘बंड्याने बशी फोडली.’ पहिल्यात बशी कर्ता आहे, दुसऱ्यात कर्म. तरी तिच्या रूपात काडीचाही फरक नाही, आणि दोन्हीकडे क्रियापद तिच्याच लिंगाप्रमाणे चालतं. बशीच्या जागी पेला ठेवा: पेला फुटला, बंड्याने पेला फोडला. वेगळा पडला तो बंड्याच. त्याला ‘ने’ लागलं आणि क्रियापदानं त्याच्याकडे पाठ फिरवली.

आता हेच वर्तमानकाळात म्हणू. ‘बशी फुटते.’ ‘बंड्या बशी फोडतो.’ ‘ने’ गेलं आणि क्रियापद बंड्याच्या बाजूला आलं. शेजारच्या चिंगीनं फोडली, तर ‘फोडते’. इथे फुटणारी बशी आणि फोडणारा बंड्या एका गटात, आणि फोडली जाणारी बशी वेगळी. इंग्रजीत सर्व काळांत असंच चालतं, आणि शाळेत कर्ता-कर्म शिकताना आपल्या डोक्यात हीच मांडणी बसते. भूतकाळातल्या उलट्या मांडणीला, जिथे अकर्मक क्रियापदाचा कर्ता आणि सकर्मक क्रियापदाचं कर्म यांना सारखी वागणूक मिळते, भाषावैज्ञानिक ‘एर्गेटिव्ह’ म्हणतात. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची बास्क भाषा कर्त्याला असा वेगळा प्रत्यय सगळ्याच काळांत लावते. मराठी दोन्ही घरांत राहते आणि काळ बदलला की घर बदलते. आपल्या व्याकरणांनी याची नोंद ‘कर्तरी’ आणि ‘कर्मणी’ प्रयोग म्हणून केव्हाच केली आहे. पाठ करताना त्यातली गंमत मात्र निसटते.

खरी गंमत ‘मी’पाशी आहे. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटलं की बोलणारा पुरुष की बाई, ते लगेच कळतं. पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ हे कोणीही म्हणो, वाक्य तेच. लिंग कळतं ते आंब्याचं आणि पोळीचं! आणि ‘मी’ला ‘ने’ तर दिसतच नाही. जुन्या मराठीत इथे ‘म्यां’ असं वेगळं रूप होतं. पुढे ते ‘मी’त मिसळून गेलं. कोकणीनं मात्र भेद जपला आहे. ‘हांव आयलों’, पण ‘हांवें आंबो खालो’.

याचं मूळ संस्कृतात सापडतं. ‘रामेण आम्रं खादितम्’, म्हणजे रामाकडून आंबा खाल्ला गेला. राम तृतीयेत आणि ‘खादितम्’ हे आंब्याचं विशेषण, म्हणून ते आंब्याप्रमाणे चालणार. भूतकाळ सांगण्याची ही पद्धत प्राकृतात इतकी रुळली की साधा भूतकाळच तिच्यावर उभा राहिला.

‘तू आंबा खाल्लास’, ‘तू पोळी खाल्लीस’ यांत तर एकाच क्रियापदात दोघांची हजेरी आहे. ‘ला’ किंवा ‘ली’ खाल्लेल्या वस्तूची, आणि शेवटचा ‘स’ खाणाऱ्याचा.

नियमाला खिंडारंही आहेत. ‘बंड्या पोहायला शिकला’, ‘चिंगी नाव विसरली’, ‘बाबा चहा प्यायले’. करणाऱ्याबरोबर ‘काय’ही सांगितलेलं असूनही ही क्रियापदं कर्त्याचाच पदर धरून आहेत. (‘बाबांनी चहा प्यायला’ असंही कानावर येतं, भाषेचं मन अजून ठरलेलं नाही.) आणि कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद दोघांपैकी कोणाचंच ऐकत नाही: ‘बंड्याने चिंगीला पाहिलं’. मुलाचं नाही, मुलीचं नाही, सरळ नपुंसकलिंग. हा झाला भावे प्रयोग.

म्हणजे भूतकाळात बंड्याचं कर्तेपण गेलं का? तपासायला एक सोपी युक्ती आहे. ‘बंड्याने येऊन आपली बशी फोडली.’ आलं कोण? बंड्या. ‘आपली’ म्हणजे कोणाची? बंड्याचीच. क्रियापद बशीप्रमाणे चाललं, तरी वाक्याची सूत्रं बंड्याच्याच हातात आहेत. ‘बाबा घरी आले आणि दार लावलं’ हे घ्या. दुसऱ्या भागात ना बाबा, ना ‘ने’, आणि क्रियापद दाराप्रमाणे. तरी दार बाबांनीच लावलं, याबद्दल कोणाला शंका येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य क्वीन्सलँडमधली डिरबल भाषा इथेही उलट जाते. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1972 मध्ये तिचं व्याकरण प्रसिद्ध केलं. ‘बाबा परतले, आईने पाहिलं’ अशा घडणीच्या डिरबल वाक्यात आईने कोणाला पाहिलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. परतलेल्या बाबांनाच. गाळलेली जागा कर्माची आहे, आणि परतणारे बाबा व पाहिले गेलेले बाबा तिथे एकाच गटातले. उलट ‘बाबा परतले आणि त्यांनी आईला पाहिलं’ असं बाबांचा पुन्हा उल्लेख न करता जोडून सांगायचं असेल, तर ‘पाहणे’ या क्रियापदाला आधी एक वेगळा प्रत्यय लावून अकर्मकासारखं वळवून घ्यावं लागतं.