कागद नाही, तरी गाडी अडते

गेवराईतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात इंकजेटची शाईची गाडी डाव्या कडेला धडकून थांबली. पडद्यावर Carriage Jam. अडकलेला कागद कुठेच नव्हता. प्लग काढून गाडी हाताने सरकवली, तर ती सहज सरकली. म्हणजे रूळ ठीक, चूक ‘नजरेची’! (उजव्या कोपऱ्यात गाडी मुळातच अडकवलेली असते, तिथे जोर लावू नये.)

गाडीमागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते. तिच्यावर इंचाला साधारण 150 ते 200 बारीक रेघा असतात. गाडीतला प्रकाश-सेन्सर त्या मोजत स्वतःची जागा ओळखतो. शाईचा डाग पडला की मोजणी चुकते आणि गाडी भिंतीला धडकते.

पाण्याने किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्टी अलगद पुसली. थिनर वापरला असता, तर रेघाच गेल्या असत्या.