शहर, शैली, पॅकेज : लग्नाचा फोटोग्राफर सापडतो ती ओळ

लग्नाची तारीख ठरते, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिली जाते आणि मग फोटोग्राफरचा शोध सुरू होतो. नात्यातल्या कुणीतरी एखादं नाव सुचवलेलं असतंच, तरी मुलगा आणि मुलगी आपापल्या मोबाइलवर गूगल उघडतातच. टाइप होतं ते साधारण असं : `candid wedding photographer aurangabad`. समोर दहाएक निळ्या ओळी येतात. फोटोग्राफरचं काम कितीही देखणं असो, या क्षणी ते कुणालाच दिसत नाही. दिसते ती फक्त ओळ, आणि बोट कुठे टेकवायचं ते तिच्यावरून ठरतं.

या ओळीला वेबसाइट बनवणारे ‘पेज टायटल’ म्हणतात. ती पानावर कुठेच छापलेली नसते. पानामागच्या कोडमध्ये असते, ब्राउझरच्या टॅबवर दिसते आणि गूगल बहुतेक वेळा तीच उचलून निकालात दाखवतं. वर्डप्रेसवर किंवा तयार टेम्प्लेटवर साइट उभारली आणि या रकान्याला कुणी हातच लावला नाही, तर तिथे असं काहीतरी उरतं :

```
<title>Home | Studio Name</title>
```

लग्न, शहर, फोटो यांपैकी कशाचाच उल्लेख इथे नाही. स्टुडिओचं नाव आधीच माहीत असलेल्या माणसाला ही ओळ पुरते. पण जोडपं शोधत असतं ते न माहीत असलेल्या माणसाला.

छत्रपती संभाजीनगरातला एक फोटोग्राफर डोळ्यांसमोर धरू. कॅन्डिड ही त्याची खासियत, आणि संध्याकाळची हळद व दुसऱ्या दिवशीचं लग्न असं दोन दिवसांचं पॅकेज त्याच्याकडे सर्वांत जास्त मागितलं जातं. त्याच्या ओळीत तीन गोष्टी यायला हव्यात : शहर, शैली आणि पॅकेजचा प्रकार. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी अडचण जागेची असते. टायटल किती अक्षरांचं असावं यावर गूगलने मर्यादा घातलेली नाही. मात्र पडद्याच्या रुंदीत मावत नाही तेवढा भाग कापला जातो, आणि संगणकावर रोमन लिपीतली साधारण पन्नास ते साठ अक्षरंच दिसतात. आता हे पाहा :

```
Candid Wedding Photographer in Chhatrapati Sambhajinagar
```

मोकळ्या जागा धरून ही ५६ अक्षरं झाली. त्यातली २५ एकट्या शहराच्या नावाची. पॅकेजला जागाच उरली नाही.

या शहराच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. नामांतर २०२३ मध्ये अधिकृत झालं, तरी जुनं नाव टाइप करणारे लोक अजून आहेत. बाहेरगावी राहणारे आणि लग्नापुरते गावी येणारे तर हमखास. शिवाय बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. त्यामुळे टायटलमध्ये नुसतं जुनं नाव ठेवलं, तर ओळ गयेजवळच्या एखाद्या घरातही दिसू शकते, आणि तिथल्या जोडप्याला तिचा काही उपयोग नाही. यातून वाट काढायची तर टायटलमध्ये लोकांच्या बोलण्यातलं आटोपशीर नाव घ्यावं, आणि पूर्ण अधिकृत नाव पानावरच्या मोठ्या मथळ्यात द्यावं. पहिल्याच परिच्छेदात ‘पूर्वीचं औरंगाबाद, महाराष्ट्र’ असा एक सरळ उल्लेख असावा. तो जुन्या नावाने शोधणाऱ्यांसाठी. मग ओळ अशी होते :

```
Candid Wedding Photographer Sambhajinagar – 2-Day Package
```

५७ अक्षरं, आणि तिन्ही गोष्टी आल्या. स्टुडिओचं नाव जोडायचं असेल तर ते अगदी शेवटी जोडावं. कापलं गेलं तरी काही अडत नाही, कारण निकालात साइटचं नाव बहुधा ओळीच्या वर वेगळं दिसतंच.

शैलीच्या शब्दावर थोडं थांबायला हवं. फोटोग्राफरना आपल्या कामासाठी ‘फाइन आर्ट’, ‘डॉक्युमेंटरी’, ‘स्टोरीटेलिंग’ असे शब्द आवडतात, आणि ते चुकीचेही नसतात. पण मराठी घरांत बोलले जाणारे शब्द दोनच : कॅन्डिड आणि ट्रॅडिशनल. अंतरपाट बाजूला होतानाचा नवरीचा चेहरा, किंवा कान पिळायला पुढे आलेला मेहुणा, असा न सांगता टिपलेला क्षण म्हणजे कॅन्डिड. स्टेजवर आत्या, मावशी, सोसायटीतले शेजारी यांना रांगेने उभं करून घेतलेला फोटो म्हणजे ट्रॅडिशनल. मुलामुलीला पहिला हवा असतो आणि घरातल्या मोठ्यांना दुसरा. ‘सगळ्यांसोबत फोटो झाले ना?’ हा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून टायटलमध्ये कॅन्डिड लिहिलं, तर पान उघडताच दिसलं पाहिजे की दोन फोटोग्राफर येतील आणि एक जण स्टेजवरचे ट्रॅडिशनल फोटोही घेईल. नाहीतर मुलीला आवडलेलं पान आई-वडिलांपर्यंत पोचतं आणि तिथेच अडतं. ‘सिनेमॅटिक’ हा शब्द लोक लग्नाच्या फिल्मशी जोडतात. व्हिडिओ करत नसलेल्याने तो निव्वळ भारदस्त वाटतो म्हणून घालू नये.

पॅकेजच्या नावांतही हाच घोळ असतो. ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ ही नावं दरपत्रकावर ठीक आहेत, शोधणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. ‘दोन दिवस’, ‘हळद आणि लग्न’, ‘फक्त साखरपुडा’, ‘प्री-वेडिंग’ यांतून मात्र लगेच कळतं, कारण माणसं आपला कार्यक्रम याच शब्दांत मोजतात. किंमत टायटलमध्ये नसलेली बरी. दर बदलतो आणि गूगलच्या निकालात जुना आकडा काही दिवस तसाच राहतो. तो पानावर, काय काय मिळेल याच्या शेजारी असावा. सालाचंही तसंच. मागच्या हंगामाचं साल ओळीत राहून गेलेलं दिसलं, की वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस आता काम करत नसावा.

ओळ आपण लिहिली म्हणजे गूगल तीच दाखवेल, असं मात्र नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने टायटल ठरवण्याची पद्धत बदलली आणि पुढच्याच महिन्यात सांगितलं, की साधारण ८७ टक्के वेळा ते पानाचं मूळ टायटलच वापरतात. उरलेल्या वेळी पानावरचा मथळा किंवा दुसरा मजकूर घेऊन ओळ नव्याने जुळवली जाते. असं का होतं याची कारणं गूगलने दिली आहेत आणि फोटोग्राफरांच्या साइटवर ती नेमकी सापडतात. टायटल अर्धवट असणं, प्रत्येक पानाला तेच टायटल असणं, जुनं साल राहून जाणं, किंवा ‘बेस्ट वेडिंग फोटोग्राफर, टॉप वेडिंग फोटोग्राफी, वेडिंग फोटोग्राफर’ अशी एकाच शब्दाची माळ लावणं.

मराठी साइटला आणखी एक कारण लागू होतं, ते म्हणजे लिपी. पानावरचा सगळा मजकूर देवनागरीत आणि टायटल रोमनमध्ये असेल, तर ते पानाशी जुळत नाही असं समजून गूगल बदलू शकतं. २०२२ मध्ये गूगलने हा मुद्दा वेगळा मांडला होता. मग मराठीत लिहावं की इंग्रजीत? जोडपी बहुधा रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून मुख्य पान इंग्रजीत आणि टायटलही इंग्रजीत ठेवलेलं सोयीचं. मराठी पान वेगळं करायचं असेल तर ते टायटलपासून शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत असावं :

```
संभाजीनगरमधील कॅन्डिड वेडिंग फोटोग्राफर – हळद व लग्न पॅकेज
```

इथे अक्षरं मोजण्यात अर्थ नाही. काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीची रुंदी वेगळी पडते. ओळ कुठे तुटते ते मोबाइलवर प्रत्यक्ष पाहूनच ठरवावं.

शहराचं नाव चुकीच्या जागी घालणं ही या धंद्यातली नेहमीची चूक. गूगल मॅप्सवर दिसणाऱ्या बिझनेस प्रोफाइलमध्ये काही जण स्टुडिओच्या नावापुढेच ‘बेस्ट कॅन्डिड वेडिंग फोटोग्राफर संभाजीनगर’ चिकटवतात. गूगलचा नियम असा आहे, की तिथे दुकानाच्या पाटीवर असेल तेच नाव हवं. नियम मोडल्यास प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि मग वर्षानुवर्षं जमलेले अभिप्रायही लोकांच्या नजरेआड जातात. शहर आणि शैली सांगायची जागा टायटल आहे.

दुसरी चूक शेजारच्या शहरांची. जालना, बीड, परभणी, नाशिक अशी वीस शहरं घ्यायची, एकच पान वीसदा उतरवायचं आणि फक्त गावाचं नाव बदलायचं. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि स्पॅममध्ये धरतं. जालन्यात खरोखर लग्नं केली असतील तर जालन्याचं पान जरूर करावं. त्यावर तिथल्याच लग्नांचे फोटो असावेत, येण्याजाण्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की नाही ते लिहावं. प्री-वेडिंग आणि साखरपुडा यांनाही अशीच स्वतंत्र पानं आणि स्वतंत्र टायटलं लागतात. सगळ्या सेवा एका ओळीत कोंबल्या की त्यातली एकही धड वाचली जात नाही.

बदलाचा उपयोग झाला का, हे गूगलच्या मोफत सर्च कन्सोलवर कळतं. लोकांनी काय टाइप केलं, ओळ किती वेळा दिसली, किती जणांनी ती उघडली आणि ती सरासरी कितव्या स्थानावर होती, हे तिथे दिसतं. आपल्या फोटोग्राफरने टायटल बदलण्याआधी ‘aurangabad’ आणि ‘sambhajinagar’ हे दोन शब्द वेगवेगळे गाळून पाहावेत. जुन्या नावानेच बहुतेक माणसं येत असतील, तर ‘Aurangabad Maharashtra’ टायटलमध्येच ठेवणं योग्य ठरेल आणि नवं नाव मथळ्यात जाईल. हा निर्णय अंदाजाने घेण्याचं कारण नाही.

आकडे वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा. ओळ पाचव्या-सहाव्या स्थानावर दिसते आहे आणि तरी कुणी उघडत नाही, तर आधी ओळीवरच संशय घ्यावा. ती चाळिसाव्या स्थानावर असेल, तर नुसतं टायटल बदलून ती वर येणार नाही. टायटलचं वजन मर्यादित असतं. स्थानिक निकालात गूगल शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक या गोष्टी बघतं. तिथे अभिप्राय, खऱ्या कामाची पानं आणि त्या पानांकडे येणारे दुवे यांवरच मेहनत घ्यावी लागते.

नवं टायटल निकालात दिसायला काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही. कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबलं तर गूगलला पुन्हा यायची सूचना जाते, पण ते कधी येईल याची हमी मिळत नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी शोध कितीतरी आधी सुरू झालेला असतो. म्हणून हे काम चातुर्मासाच्या आरंभीच, लग्नं थांबलेली असताना उरकावं. आधीच्या तीन महिन्यांचे आकडे उतरवून ठेवावेत, एका वेळी एकाच पानाचं टायटल बदलावं आणि महिन्याभराने तेच शब्द पुन्हा गाळून पाहावेत. तुलना मात्र मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. कन्सोल सोळा महिन्यांची नोंद ठेवतं, आणि वैशाखातले आकडे भाद्रपदाशी ताडून काहीच कळत नाही.