फ्रिजचं दार रात्रभर उघडं राहिलं तर…

रात्री अकराला कुणीतरी पाण्याची बाटली काढली आणि दार लोटलं, पण कढईचा कान आड आला आणि बोटभर फट राहिली. सकाळी सहाला दूध घ्यायला जावं तर आत दिवा चालू, काचेच्या फळीवर पाणी सुटलेलं, मस्क्याची वडी मऊ. बहुतेक घरांत मग दार घट्ट लावतात आणि सगळं पुन्हा गार झालं की तेच वाढतात. नेमकं हेच करू नये.

फ्रिजमधलं अन्न ५ अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवं. त्याच्या वर नाशवंत अन्न दोन तासांहून जास्त राहिलं तर ते टाकायचं. भर उन्हाळ्यात, अन्नाभोवतीची हवा ३२ अंशांपुढे गेली असेल, तर मुदत एकच तास. घरात थर्मामीटर असेल तर दार लावण्याआधी मधल्या फळीवरचं तापमान बघा. नसेल तर दार अकरापासून उघडं होतं असंच धरा, म्हणजे सात तास.

सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे उरलेला भात. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी जिवंत राहतात. ऊब मिळाली की ते रुजतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. सकाळी फोडणी देऊन भात वाफाळेपर्यंत परतला तर जिवाणू मरतील, पण उलट्या करणारं ते विष उष्णतेला दाद देत नाही. भाताला वासही येत नाही. म्हणून ‘वास नाही, चांगलाच आहे’ ही आपली नेहमीची परीक्षा इथे कामाची नाही.

भाताबरोबरच वरण, उसळ, शिजवलेल्या भाज्या, मटण, मासे, पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि चिरलेलं कलिंगडही टाकावं. दुधाचा जीव तुटतो हे खरं, पण नियम त्यालाही तोच. उकळून न फाटलेलं दूध निर्धोक असतंच असं नाही. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर इथे अजिबात तडजोड नको.

लोणचं, सॉस, जॅम, तूप, मस्का, लिंबं आणि न चिरलेल्या भाज्या खुशाल ठेवा. आंबट असल्यामुळे दही बराच तग धरतं. पण बुरशी दिसली किंवा वास बदलला तर तेही काढा. फ्रीजरमधल्या मटार-मटणात अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येतं, चव थोडी उतरते इतकंच. पूर्ण वितळून कोमट झालेलं मटण मात्र टाकावंच लागतं.

नवं दूध भरण्याआधी दाराचं रबर पुसा आणि फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघून आली तर रबर सैल झालंय, ते बदलून घ्या.