साइन-ऑफचा मेल आणि अडकलेले 60 हजार

पुण्यातल्या तिघांच्या सॉफ्टवेअर कंपनीने सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याला वेबसाइट करून दिली, असं धरून चालू. ठरलेले 3 लाख, त्यातले शेवटचे 60 हजार ‘काम पूर्ण झाल्यावर’. साइट सुरू झाली, ऑर्डरीही येऊ लागल्या. पण 60 हजार काही येईनात. काम पूर्ण झालं असं कुणी लिहूनच दिलेलं नाही. शेठजींच्या मुलाला दर आठवड्याला नवं काहीतरी सुचतं, आज बॅनर, उद्या हिंदी पान; आणि पैसे अडकलेत म्हणून कंपनी ते निमूटपणे करत राहते.

ही कोंडी क्लोजर मेलने सुटते. बहुतेक जण तो आभारपत्रासारखा लिहितात आणि तिथेच फसतात. ‘वेबसाइट पूर्ण केली आहे’ या वाक्याला काहीच किंमत नाही. वर्क ऑर्डरमध्ये 7 बाबी असतील, तर मेलमध्ये त्याच 7, त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत याव्यात, म्हणजे शेठजींना दोन्ही कागद शेजारी ठेवून खूण करता येते. प्रत्येकीपुढे ती कधी दिली आणि कुठे पाहायची, एवढं पुरे. जे राहिलं तेही लिहावं: ‘पेमेंट गेटवेचं केवायसी आपल्याकडून बाकी आहे, हिंदी पान मूळ कामात नव्हतं, त्याचं कोटेशन वेगळं देऊ.’ बाकी गोष्ट लपवली, की तीच उद्या हरकत म्हणून परत येते.

हस्तांतराच्या यादीत सगळ्यात आधी डोमेन. घाईत ते कंपनीच्याच खात्यातून, कंपनीच्याच नावावर घेतलेलं असतं. दोन वर्षांनी नूतनीकरण चुकलं, की साइट बंद आणि भांडण सुरू. म्हणून नोंदणी कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते, होस्टिंगचं बिल यापुढे कोण भरणार, हे स्पष्ट लिहावं. सोर्स कोड आणि बॅकअप द्यावा. बॅकअप एकदा दुसरीकडे चालवून पाहिलेला असावा. पासवर्ड मात्र मेलमध्ये कधीच नकोत, कारण हाच मेल पुढे हिशेबनिसाकडे आणि सीएकडे जाणार असतो. ते वेगळ्या मार्गाने द्यावेत आणि ताबा घेतल्यावर शेठजींनी लगेच बदलावेत.

कोडची फाइल दिली म्हणजे कोडची मालकी दिली, असं होत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर देणाऱ्याच्या सहीचा लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. करारात हे आधीच ठरलं असेल तर मेलमध्ये त्या कलमाचा उल्लेख करावा. नसेल, तर एका मेलवर भागणार नाही.

मग येते मंजुरीची विनंती. मेल मुलाला नव्हे, वर्क ऑर्डरवर ज्यांची सही आहे त्यांना जावा, मुलाला प्रत. ‘ओके’, ‘थँक्स’ किंवा अंगठ्याचं चित्र म्हणजे साइन-ऑफ नव्हे. उत्तरात काय लिहायचं, ते वाक्यच तयार द्यावं: ‘वरील 7 बाबी मिळाल्या, तपासल्या, स्वीकारल्या.’ आणि खाली: ‘हरकत असल्यास 21 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावी.’

ही तारीख मनाने काढलेली नाही. 2006च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ज्या दिवशी सेवा दिली त्याच दिवशी ती स्वीकारली असं मानलं जातं. करारात मुदत कितीही लिहिलेली असो, पैसे स्वीकृतीपासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. काम 6 ऑक्टोबरला सोपवलं आणि शेठजी गप्प राहिले, तर 20 नोव्हेंबर ही शेवटची तारीख. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

उलट 14 तारखेला ‘ऑर्डरचा मेसेज जात नाही’ अशी लेखी हरकत आली, तर ती दूर केल्याचा दिवस स्वीकृतीचा धरतात. 24 ऑक्टोबरला दोष दुरुस्त झाला, तर मुदत 8 डिसेंबरपर्यंत जाते. म्हणून दुरुस्तीनंतर त्याच मेलसाखळीत तारखेसह उत्तर टाकावं. फोनवर सांगून भागत नाही.

हे संरक्षण हवं असेल, तर उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा आणि तिचा क्रमांक वर्क ऑर्डर, बिल, क्लोजर मेल या तिन्हींवर छापा.