पाच आकडी पत्त्याचं गणित

इंटेलने १९७८ साली ८०८६ हा सोळा बिटांचा प्रोसेसर बाजारात आणला. आजही इंजिनिअरिंग आणि पदविकेच्या अनेक वर्गांत मायक्रोप्रोसेसर शिकवताना सुरुवात त्याच्यापासून होते. परीक्षेत त्यावर एक ठरलेला प्रश्न असतो: सेगमेंट आणि ऑफसेट दिले आहेत, फिजिकल अ‍ॅड्रेस काढा. सूत्र एका ओळीचं आहे, तरी गुण जातात, कारण ते तसं का आहे हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

अडचण अशी होती. प्रोसेसरमधली रजिस्टरं, म्हणजे आकडे धरून ठेवणाऱ्या जागा, सोळा बिटांची होती. सोळा बिटांत ६५,५३६ वेगवेगळे पत्ते लिहिता येतात, म्हणजे ६४ केबी मेमरी. पण मेमरीकडे जाणाऱ्या पत्त्याच्या तारा वीस होत्या आणि त्यांवरून १०,४८,५७६ पत्ते, म्हणजे एक एमबी, गाठता येत होते. वीस बिटांचा पत्ता सोळा बिटांच्या रजिस्टरात मावत नाही. म्हणून तो दोन रजिस्टरांत विभागला. सेगमेंट सांगतो सुरुवात कुठून करायची, आणि ऑफसेट सांगतो तिथून किती पुढे जायचं.

हमरस्त्यावरची जागा आपण अशीच सांगतो: अमक्या किलोमीटरच्या दगडापासून तीनशे मीटर पुढे. ८०८६ च्या मेमरीत असे दगड दर सोळा बाइटांवर आहेत. सेगमेंट म्हणजे दगडाचा क्रमांक. त्याला सोळाने गुणलं की दगडाची खरी जागा मिळते आणि त्यात ऑफसेट मिळवला की मुक्काम. पत्ते हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात. तिथे शून्य ते नऊनंतर A ते F ही अक्षरं दहा ते पंधरासाठी येतात, आणि सोळा हा आकडा `10H` असा लिहितात. त्यामुळे सोळाने गुणणं म्हणजे उजवीकडे एक शून्य जोडणं, एवढंच काम उरतं.

```
फिजिकल अ‍ॅड्रेस = सेगमेंट × 10H + ऑफसेट
```

आता प्रश्न असा समजा: `DS = 3A5CH`, `BX = 1F7EH`, आणि सूचना `MOV AL, [BX]`. बाइट कोणत्या पत्त्यावरून येईल? कंसात `BX` आहे, म्हणून ऑफसेट `1F7EH`. आणि `BX` सोबत डेटा सेगमेंट, म्हणजे `DS`, आपोआप धरला जातो. हे वाक्य उत्तरात लिहा. कंसात `BP` असता तर स्टॅक सेगमेंट `SS` घ्यावा लागला असता, आणि कित्येक जण नेमके इथेच फसतात.

```
  3A5C0
+ 01F7E
-------
  3C53E
```

बेरीज उजवीकडून करू. शून्य आणि E मिळून E. पुढे C म्हणजे बारा, त्यात सात, एकोणीस. सोळा वजा केले की तीन उरतात, हातचा एक. मग पाच, F म्हणजे पंधरा आणि हातचा एक मिळून एकवीस. पाच लिहा, हातचा एक. A म्हणजे दहा, त्यात एक आणि हातचा एक, बारा, म्हणजे C. शेवटी तीन. उत्तर `3C53EH`. हातचा दहावर नव्हे, सोळावर येतो, हे विसरलं की सगळी बेरीज चुकते.

उत्तर तपासायला एक सोपी खूण आहे. हा सेगमेंट `3A5C0H` पासून सुरू होतो आणि ६४ केबीनंतर `4A5BFH` ला संपतो. आपलं उत्तर या दोन टोकांच्या बाहेर गेलं, तर कुठेतरी चूक आहे. उत्तराचा शेवटचा आकडाही नेहमी ऑफसेटच्या शेवटच्या आकड्याइतकाच येतो, कारण वर शून्य असतं.

आणखी एक गोष्ट परीक्षक विचारतात: ही जोडी एकमेव आहे का? नाही. `3C53H` सेगमेंट आणि `000EH` ऑफसेट घेतला तरी तोच पत्ता मिळतो. दगड सोळा बाइटांवर आणि प्रत्येक सेगमेंटची लांबी ६४ केबी, त्यामुळे सेगमेंट एकमेकांवर चढतातच. दोन सेगमेंटांचे आकडे वेगळे आहेत म्हणून त्यांतला डेटा वेगळा असेल, असं गृहीत धरलेला प्रोग्राम स्वतःचाच डेटा पुसून टाकू शकतो.

टोकाला काय होतं? `FFFFH` सेगमेंटमध्ये `0010H` ऑफसेट मिळवला तर बेरीज `100000H` होते, तिला एकवीस बिटं लागतात. ८०८६ मध्ये तारा वीसच, म्हणून वरचं बिट गळतं आणि पत्ता `00000H` ला परत येतो.

उत्तर लिहिताना सूत्र, कोणता सेगमेंट आणि का, शून्य जोडलेली ओळ, बेरीज आणि शेवटी `H` लावलेला पाच आकडी पत्ता, या क्रमाने लिहा. बेरजेत एखादा आकडा चुकला तरी पायऱ्या दिसत असतील तर परीक्षकाला त्यांचे गुण देता येतात. नुसतं उत्तर लिहून ते चुकलं, तर गुण देण्यासारखं कागदावर काहीच राहत नाही.